आरपीएम मीटरचा आकडा नाचतो, अडकतो किंवा भलताच येतो: ४०४६ च्या कार्डाची तपासणी

कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीतून माझ्याकडे एकच कार्ड सतत दुरुस्तीला येतं. पंप टेस्टिंगच्या बेंचवर, लेथवर, कधी डिझेल जनरेटरच्या पॅनेलवर बसवलेला आरपीएम मीटर. शाफ्टवर एक बोल्ट, समोर प्रॉक्सी, म्हणजे धातू जवळ आला की पल्स देणारा सेन्सर, आणि कार्डावर सीडी४०४६ नावाची पीएलएल, म्हणजे फेज-लॉक्ड लूपची आयसी. पाटी वेगवेगळ्या बनवणाऱ्यांची असते, आतलं सर्किट बहुतेक सारखंच. दहा कार्डांतली सहा-सात तर काहीही न बदलता परत जातात, कारण दोष कार्डात नसतोच. म्हणून सांगली-मिरजेपर्यंत हेलपाटा घालण्याआधी जागेवर काय बघायचं ते इथे लिहितोय.

आधी ही आयसी तिथे का आहे ते समजून घ्या, म्हणजे लक्षणं आपोआप उलगडतील. शाफ्टच्या एका फेऱ्याला एकच पल्स मिळते. १४४० आरपीएम म्हणजे सेकंदाला २४ पल्स. एक सेकंद मोजून "२४" दाखवलं तर काय उपयोग? एका पल्सचा फरक म्हणजे ६० आरपीएमचा फरक. म्हणून कार्ड त्या २४ हर्ट्झला ६० ने गुणतं आणि १४४० हर्ट्झ मोजतं. एका सेकंदात आलेला आकडा हाच थेट आरपीएम.

गुणण्याची रीत अशी. आयसीत एक ऑसिलेटर असतो, व्हीसीओ. पिन ९ वर व्होल्टेज वाढलं की तो जोरात धावतो, कमी झालं की मंदावतो. त्याचं आउटपुट बाहेरच्या काउंटर आयसींनी ६० ने भागून पिन ३ वर परत येतं. पिन १४ वर प्रॉक्सीची पल्स येते. फेज कम्पॅरेटर या दोघांच्या कडा शेजारी ठेवून बघतो. प्रॉक्सीची कड आधी आली तर व्हीसीओ मागे पडलाय, मग पिन ९ चं व्होल्टेज वर ढकलायचं. भागलेली कड आधी आली तर खाली ओढायचं. हे ढकलणं-ओढणं सरळ पिन ९ ला न जाता लूप फिल्टरमधून जातं, म्हणजे दोन रेझिस्टर आणि एक कॅपॅसिटर. दोन्ही कडा जुळल्या की लॉक लागला. मग शाफ्टचा वेग बदलला की कडा सरकतात, व्होल्टेज सरकतं, आणि व्हीसीओ मागोमाग जातो.

आता लक्षणं. खाली दिलेले आकडे माझ्याकडे सर्वांत जास्त येणाऱ्या कार्डाचे आहेत, ज्याचा व्हीसीओ साधारण ५५० ते ३६०० पर्यंत फिरतो.

- मोटर चालू, तरी आकडा ५५० च्या आसपास गोठलेला: प्रॉक्सीची पल्स पिन १४ पर्यंत पोचत नाही.
- आकडा ३६०० ला जाऊन चिकटलेला: भागून परत येणारी पल्स पिन ३ पर्यंत पोचत नाही, किंवा पिन १४ वर फालतू कडांचा पाऊस पडतोय.
- आकडा स्थिर, पण बरोबर दुप्पट: एका फेऱ्याला दोन पल्स जाताहेत.
- आकडा खऱ्या वेगाच्या वरखाली झुलतो, थांबतच नाही: लूप फिल्टर.
- कमी वेगाला बरोबर, जास्त वेगाला मध्येच अडकतो: व्हीसीओची वरची हद्द, किंवा फिल्टरच्या कॅपॅसिटरची गळती.
- कधी लॉक लागतो, कधी नाही. एकदा लागला की टिकतो: कॅप्चर रेंज, ती शेवटी समजावतो.

मोटर बंद असताना ५५० दिसणं हा मात्र दोष नाही. पल्सच नसली की हा कम्पॅरेटर व्हीसीओला तळाशी नेऊन ठेवतो. चांगल्या कार्डात तेव्हा डिस्प्ले विझवायची सोय असते, स्वस्त कार्डात नसते. एवढ्याच तक्रारीवरून लोक कार्ड सोडवून आणतात.

पहिली तपासणी: बोल्ट आणि प्रॉक्सी. खर्च शून्य. मोटरचा सप्लाय मेन स्विचपासून बंद करा, कोणी चालू करणार नाही याची खात्री करा आणि शाफ्ट हाताने फिरवा. प्रॉक्सीच्या मागचा छोटा एलईडी एका फेऱ्यात एकदाच लुकलुकला पाहिजे. दोनदा लुकलुकला तर दुसरं काहीतरी समोरून जातंय, बहुतेक वेळा कपलिंगचा ग्रब स्क्रू किंवा चावीची कड. अजिबात लुकलुकला नाही तर अंतर बघा. एम१२ मापाच्या साध्या फ्लश प्रॉक्सीचं अंतर २ मिलिमीटर असतं, तेही लोखंडी बोल्ट असेल तर. बोल्ट स्टेनलेसचा किंवा पितळेचा असेल तर ते आणखी कमी होतं. मी दीड मिलिमीटरवर ठेवतो. बेंचच्या थरथरीने प्रॉक्सीचा नट ढिला होऊन अंतर वाढणं हा सगळ्यांत नेहमीचा दोष आहे, आणि त्याला स्पॅनरशिवाय काही लागत नाही.

दुसरी: कार्डाला घरच्या विजेची परीक्षा द्या. ही युक्ती मला फार आवडते, कारण फंक्शन जनरेटर नसतानाही अर्ध्या मिनिटात दोष कार्डात की बाहेर ते कळतं. आपल्या ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झ, आणि ती ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायचा नियम आहे. ५० ला ६० ने गुणलं की ३०००. म्हणजे प्रॉक्सीची तार काढून तिच्या जागी ५० हर्ट्झ दिले तर डिस्प्लेवर ३००० च्या आगेमागे चार-सहा आकड्यांत काहीतरी दिसलंच पाहिजे.

त्यासाठी ९ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या. सेकंडरीचं एक टोक कार्डाच्या ग्राउंडला, दुसरं टोक १० किलोओहमच्या रेझिस्टरमधून प्रॉक्सीच्या इनपुटला. प्रायमरीची टोकं नीट झाकलेली पाहिजेत; २३० व्होल्ट कार्डाजवळ उघडे ठेवू नका. ट्रान्सफॉर्मरशिवाय, मेन्समधून नुसता रेझिस्टर लावून हे कधीच करायचं नाही.

३००० स्थिर दिसले तर कार्डाचा इनपुट, व्हीसीओ, भागाकार आणि डिस्प्ले या चारही गोष्टी शाबूत आहेत. मग कार्ड खिशात घालून सांगलीला यायची गरज नाही. दोष प्रॉक्सीत, केबलमध्ये किंवा शेजारच्या विजेच्या गोंगाटात आहे. एक अपवाद मात्र आहे. फिल्टरचा किंवा कॅप्चरचा दोष कधीकधी ३००० ला लपून राहू शकतो आणि दुसऱ्याच वेगाला उघडा पडतो. तो पुढे येईलच.

तिसरी: सप्लाय आणि केबल. आयसीच्या पिन १६ आणि ८ मध्ये १२ व्होल्ट हवेत. पिन ५ ग्राउंडला हवी, नाहीतर व्हीसीओ बंदच राहतो. ग्राउंडच्या डागाला तडा गेला असेल तर ती पिन अधांतरी राहते आणि कार्ड कधी चालतं, कधी नाही.

केबलचं महत्त्व कम्पॅरेटरमुळे आहे. ४०४६ मध्ये दोन कम्पॅरेटर असतात. पहिल्याचं आउटपुट पिन २ वर, दुसऱ्याचं पिन १३ वर. दुसरा फक्त कडा मोजतो. त्याला प्रत्येक चढती कड खरी वाटते. प्रॉक्सीची तार व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या मोटर केबलला टेकून गेली असेल तर एका बोल्टमागे पाच-सहा फालतू कडा येतात, आणि बिचारा व्हीसीओ त्यांच्यामागे धावत ३६०० ला जाऊन धडकतो. मोटर थेट चालवल्यावर आकडा बरोबर आणि व्हीएफडीवर वेडावाकडा येत असेल तर कार्ड उघडूच नका. शिल्डेड केबल टाका, शिल्ड फक्त कार्डाच्या बाजूला ग्राउंड करा, आणि तार पॉवर केबलपासून हातभर लांब न्या.

कार्डावर पिन १४ च्या आधी १० किलोओहम, १० नॅनोफॅरड आणि मागे श्मिट ट्रिगर म्हणून ४०१०६ असतो. नसेल तर तो लावण्याइतकी फायद्याची सुधारणा दुसरी नाही. त्या रेझिस्टर-कॅपॅसिटरचा गुणाकार ०.१ मिलिसेकंद. १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर १२ मिलिमीटरचा बोल्ट ३००० आरपीएमला साधारण पाऊण मिलिसेकंद समोर असतो. म्हणजे खरी पल्स आरामात पार होते आणि मायक्रोसेकंदाचे काटे गळून पडतात.

चौथी: व्हीसीओची दोन टोकं. इथून सोल्डरिंग आयर्न लागतं. डिस्प्ले मुळात व्हीसीओच मोजत असल्यामुळे ऑसिलोस्कोप लागत नाही, तोच आपला मीटर. फिल्टरचा आर३, म्हणजे कम्पॅरेटरपासून पिन ९ ला जाणारा रेझिस्टर, त्याचा पिन २ किंवा १३ कडचा पाय उचला. मग पिन ९ ला १ किलोओहममधून ग्राउंड करा आणि आकडा लिहून घ्या. नंतर त्याच रेझिस्टरमधून १२ व्होल्टला लावा आणि पुन्हा लिहा. ही दोन टोकं म्हणजे लॉक रेंज. यांच्या बाहेरचा वेग हे कार्ड काही केल्या दाखवू शकत नाही. धडधाकट कार्डात ही टोकं व्हीसीओच्या सी१ या कॅपॅसिटरवरून आणि आर१, आर२ या रेझिस्टरांवरून अशी ठरतात:

```
fmin = 1 / (R2 × C1)
fmax = fmin + 1 / (R1 × C1)
```

सी१ १० नॅनोफॅरड, आर२ १८० किलोओहम, आर१ ३३ किलोओहम धरले तर खालचं टोक ५५५ आणि वरचं ३५८५ येतं. पण हे सूत्र म्हणजे नुसता अंदाज. एका बनावटीची आयसी काढून दुसरीची लावली तरी टोकं चांगलीच हलतात. म्हणून आयसी बदलल्यावर ही तपासणी पुन्हा करायचीच. वरचं टोक २७०० भरलं आणि तुमची मोटर २८८० ची असेल तर दोष सापडला. आर१ थोडा कमी करा. टोकं तापमानाबरोबर सरकत असतील, सकाळी एक आणि दुपारी एक, तर सी१ जुनाट सिरॅमिक चकतीचा आहे. त्या जागी पॉलिएस्टर बसवा.

दुकानात ४०४६ मागितली की कधीकधी ७४एचसी४०४६ हातात पडते. पिना जवळपास सारख्याच, म्हणून बसते. पण तिला ६ व्होल्टच्या वर चालत नाही. १२ व्होल्टच्या कार्डात ती टिकणार नाही. पाकिटावरचं नाव न वाचता आयसीवरचं नाव वाचा.

पाचवी: भागाकार. दोन ४०१७ असतात, एक दहाने भागते आणि एक सहाने. सहाने भागण्यासाठी पिन ५ रीसेटला, म्हणजे पिन १५ ला जोडलेली असते. तो जोड सुटला की सहाऐवजी दहाने भागाकार होतो. मग लॉकसाठी व्हीसीओला १०० पट धावावं लागतं. १४४० आरपीएमच्या २४ हर्ट्झला आकडा २४०० दिसतो, अगदी स्थिर. स्थिर पण चुकीचा आकडा दिसला की आधी भागाकाराकडे बघायचं. खऱ्या आकड्याशी त्याचं गुणोत्तर काढा, जोड कुठे सुटलाय ते तेच सांगतं.

सहावी: लूप फिल्टर. इथे सगळ्यांत जास्त चुकीच्या दुरुस्त्या होतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

आर३ म्हणजे कम्पॅरेटरपासून पिन ९ पर्यंतचा रेझिस्टर. सी२ म्हणजे पिन ९ कडून ग्राउंडला जाणारा कॅपॅसिटर. आणि आर४ म्हणजे सी२ च्या सिरीजमध्ये बसवलेला लहान रेझिस्टर. माझ्या कार्डात दुसऱ्या कम्पॅरेटरबरोबर आर३ ४७० किलोओहम, आर४ १५० किलोओहम आणि सी२ २.२ मायक्रोफॅरड असे आहेत.

हा आर४ बिनकामाचा वाटतो, पण लूपला शांत करणारा तोच. सी२ एकटा असेल तर काय होतं बघा. व्हीसीओ मागे आहे, म्हणून कम्पॅरेटर सी२ भरत राहतो. वारंवारता जुळते त्या क्षणीही कडा मात्र अजून जुळलेल्या नसतात, म्हणून भरणं चालूच राहतं. व्हीसीओ पुढे निघून जातो. मग उलटा प्रवास, आणि पुन्हा तेच. झोपाळ्याला ब्रेक नाही. आर४ लावला की कम्पॅरेटरने ढकलताक्षणी पिन ९ वर एक छोटी उडी बसते आणि ढकलणं थांबताच ती निघून जाते. ही उडी कडा जुळवते आणि सी२ हळूहळू सरासरी सांभाळतो. वरच्या किमतींना लूपचं नैसर्गिक झुलणं सेकंदाला ०.७ वेळा, आणि डॅम्पिंग ०.७ च्या आसपास येतं. वेग बदलल्यावर दीड सेकंदात आकडा बसतो. डिस्प्ले एका सेकंदाने बदलणारा असल्यामुळे याहून चपळ लूप करून फायदा नाही.

झुलणाऱ्या कार्डात आर४ जळालेला नसतो. कोणीतरी तो काढून तिथे तार टाकलेली असते. मग झुलणं सव्वा सेकंदाच्या फेऱ्याने चालू राहतं आणि डिस्प्लेवर १३८०, १५१०, १४२५ असं काहीही येतं. त्यावर पुढचा उपाय म्हणून लोक सी२ मोठा करतात. त्याने झुलणं मंद होतं, थांबत नाही.

सी२ ची दुसरी कथा गळतीची. लॉक लागल्यावर दुसरा कम्पॅरेटर पिन १३ सोडून देतो, आणि व्होल्टेज फक्त सी२ ने धरून ठेवायचं असतं. जुना इलेक्ट्रोलिटिक उन्हाळ्यात बेंचजवळ तापून गळायला लागला, समजा ४५० किलोओहमचा रेझिस्टर समांतर लावल्यासारखा, तर पिन १३ सतत १२ व्होल्टला असूनही पिन ९ पावणेसात व्होल्टच्या वर चढत नाही. आकडा २२००-२३०० ला अडकतो. चौथ्या तपासणीत टोकं मात्र बरोबर येतात, कारण तेव्हा आपण पिन ९ जबरदस्तीने धरलेली असते. हाच त्याचा पुरावा. तिथे बॉक्स टाइप पॉलिएस्टर लावा, आकाराने मोठा असला तरी.

मीटरने बघायचं असेल तर पिन ९ ऐवजी पिन १० ला बघा. तिथून ग्राउंडला १०० किलोओहम लावलेला हवा. व्होल्टेज पिन ९ पेक्षा एक-दोन व्होल्ट कमी दिसेल, पण सी२ वर मीटरचा भार पडत नाही. मोटर स्थिर असताना तिथला काटा डोलत असेल तर लूप डोलतोय. पिन १ वर लॉक असताना जवळजवळ पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. त्याहून बरेच कमी दिसले तर कडा जुळलेल्या नाहीत. ही खूण फक्त दुसऱ्या कम्पॅरेटरसाठी आहे.

आता कॅप्चर रेंज, आणि ती नीट कळण्यासाठी एका बेंचची हकीकत. तिथे १४४० ची मोटर व्हीएफडीवर होती, आणि बोल्टऐवजी शाफ्टवर अर्धी कापलेली चकती, म्हणजे अर्धा फेरा पल्स चालू, अर्धा बंद. तक्रार अशी की मीटर सकाळी २०००-२१०० च्या आसपास काहीतरी नाचवतो. पण तिथल्या ऑपरेटरने स्वतः एक उपाय शोधला होता. तो म्हणाला, "साहेब, मोटर आधी दोन हजारावर न्यायची, मग सावकाश १४४० वर आणायची. मग दिवसभर बरोबर दाखवतंय. घाईनं उतरवलं तर वाटेत सुटतंय."

त्याने शब्द वापरले नाहीत, पण लॉक रेंज आणि कॅप्चर रेंज यांतला फरक अचूक सांगितला. एकदा पकडलेला सिग्नल लूप जिथपर्यंत सोडत नाही ती लॉक रेंज. सुटलेला लूप आपण होऊन जिथून सिग्नल पकडू शकतो ती कॅप्चर रेंज. दुसरी पहिलीच्या आत असते, आणि कधीकधी फारच लहान.

कार्ड उघडलं तर आधीच्या दुरुस्तीत आर३ चा पाय पिन १३ वरून काढून पिन २ ला लावलेला, आणि आर४ च्या जागी तार. पिन २ म्हणजे पहिला कम्पॅरेटर, साधा एक्सॉर गेट. लॉक नसताना त्याचं सरासरी आउटपुट अर्ध्यावर, म्हणून व्हीसीओ मधोमध उभा: ५५५ आणि ३५८५ च्या मध्ये, २०७० ला. मोटर १४४० ला फिरते आहे, म्हणजे इनपुट २४ हर्ट्झ आणि भागलेला व्हीसीओ साडेचौतीस. एक्सॉरमधून या दोघांच्या फरकाचा ठोका बाहेर पडतो, सेकंदाला साडेदहा.

मिरजेत तानपुरा जुळवताना दोन तारा जवळ आल्या की आवाजात जी लाट येते, आणि जुळत आल्या की जी मंद होत जाते, तोच हा ठोका. लूपला तार जुळवायची असेल तर हा ठोका फिल्टरमधून पार होऊन व्हीसीओपर्यंत पोचायला हवा. ठोका जलद आणि फिल्टर जड असेल तर सी२ तो पुसून टाकतो. व्हीसीओला काही कळतच नाही, आणि तो मधोमध उभा राहतो. मोटर २००० ला नेली की ठोका मंद होतो, फिल्टरमधून जातो, आणि लूप पकडतो. सूत्राने:

```
2fC ≈ (1/π) × √( 2π × fL / (R3 × C2) )
```

इथे एफएल म्हणजे लॉक रेंजचा अर्धा भाग, इनपुटच्या बाजूने साधारण २५ हर्ट्झ. ४७० किलोओहम आणि २.२ मायक्रोफॅरड यांचा गुणाकार १.०३ सेकंद. पूर्ण कॅप्चर रेंज ४ हर्ट्झ भरली, म्हणजे मधल्या बिंदूच्या दोन्ही बाजूंना २ हर्ट्झ, आपल्या भाषेत १२० आरपीएम. लूप १९५० ते २१९० मध्येच आपण होऊन पकडणार. ऑपरेटरने दोन हजाराचा आकडा अनुभवाने काढला होता, आणि तो या पट्ट्यात बसत होता. घाईने उतरवल्यावर सुटायचं कारण आर४ नसणं: लूप झुलत झुलत उतरायचा आणि एखाद्या झोक्यात हद्दीबाहेर जायचा.

सी२ लहान केला तर कॅप्चर रेंज वाढते, हे खरं. पण चौपट हलका फिल्टर केल्यावर ती फक्त दुप्पट होते, कारण सूत्रात वर्गमूळ आहे. १४४० आपण होऊन पकडायला सी२ जवळजवळ तीस पट लहान करावा लागेल, आणि मग एक्सॉरचं दुप्पट वारंवारतेचं तरंग पिन ९ वर दणदणीत दिसायला लागेल. शिवाय एक्सॉर हार्मोनिकवरही लॉक होतो. मोटर ९०० ला असताना १५ हर्ट्झच्या तिसऱ्या हार्मोनिकवर, ४५ वर बसला तर डिस्प्ले निवांतपणे २७०० दाखवेल. आणि त्याला दोन्ही इनपुट अर्धे चालू, अर्धे बंद लागतात. बोल्टची बारीक पल्स दिली तर लॉक रेंजही आकसून एवढीशी होते.

दुसऱ्या कम्पॅरेटरला यातलं काही लागत नाही. तो फेजबरोबर कोण जलद आहे हेही ओळखतो, म्हणून फिल्टर कसाही असला तरी त्याची कॅप्चर रेंज लॉक रेंजइतकीच. एक्सॉरचा खरा गुण एकच: गोंगाटात तो डगमगत नाही. रेडिओच्या कामात, जिथे वारंवारता आधीच ठाऊक असते, तिथे तो चांगला. पण ५५० पासून ३६०० पर्यंत फिरणाऱ्या शाफ्टला मी कधीच पिन २ वापरत नाही. त्या बेंचवर आर३ परत पिन १३ ला आणला, आर४ १५० किलोओहम बसवला. आणि आधीच्या माणसाने पिन २ का निवडली तेही शोधलं: केबल व्हीएफडीच्या ट्रेमधून गेलेली होती, त्यामुळे पिन १३ वर आकडा ३६०० ला पळायचा. त्याने कम्पॅरेटर बदलून गोंगाटावर पांघरूण घातलं होतं. केबल वेगळ्या पाइपातून नेली आणि काम संपलं.

कुठे थांबायचं. तुमचा मीटर फक्त दाखवण्यापुरता असेल तर वरचं सगळं करा. पण त्याच कार्डातून ओव्हरस्पीड ट्रिपची रिले चालत असेल, जनरेटरवर, कारखान्याच्या टर्बाइनवर, कुठेही, तर पहिल्या तपासणीनंतर थांबा. प्रॉक्सीचा नट आवळणंसुद्धा मशीन बंद करूनच. फिल्टर जड केला तर ट्रिप उशिरा लागते, आणि वेग वाढत असताना तो उशीर जीवावर बेततो. तिथे मशीन बनवणाऱ्याचा सर्व्हिस इंजिनीअरच बोलवा, आणि दुरुस्तीनंतर ट्रिप प्रत्यक्ष तपासून घ्या.

व्हीएफडीचं पॅनेल उघडायची वेळ आली तरी थांबा. सप्लाय बंद केल्यावरही आतल्या कॅपॅसिटरवर काही मिनिटं शेकडो व्होल्ट असतात. ते काम इलेक्ट्रिशियनचं. पंपाचा टेस्ट रिपोर्ट ग्राहकाला जाणार असेल तर दुरुस्तीनंतर मीटर कॅलिब्रेशनला पाठवा. ३००० चा घरगुती ताळा दोष शोधण्यापुरता आहे, रिपोर्टवर सही करण्यापुरता नाही.

आणि केबल बदलली, सहाही तपासण्या झाल्या, तरी आकडा दिवसातून दोन-चारदाच उडतो, असं असेल तर पुढे ऑसिलोस्कोपशिवाय अंदाजाने भाग बदलत बसू नका. कोणाकडेही कार्ड नेताना सोबत चौथ्या तपासणीतले दोन आकडे, ५० हर्ट्झला आलेला आकडा, आणि आकडा उडतो तेव्हा शेजारी कोणतं मशीन सुरू होतं, एवढं लिहून न्या.